ट्रेकिंग ग्रुपमधली ओळख ते दोघांची पहिली भेट: बेळगाव-खानापूर भागासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रुपमधली एक व्यक्ती आवडते. थेट विचारावं की आधी काही दिवस जाऊ द्यावेत?

नुसते दिवस जाऊ देऊन काही होत नाही. चौदा जणांच्या ट्रेकला तुम्ही सहा वेळा गेलात तरी त्या व्यक्तीशी सलग दहा मिनिटं बोलणं होईलच असं नाही. चढावर दम लागलेला असतो, माथ्यावर सगळे फोटोत असतात, जेवताना घोळका असतो आणि परतीच्या गाडीत निम्मे झोपलेले असतात. म्हणून सहा ट्रेकनंतर एकदम 'कॉफीला येतेस का' असं विचारलं की समोरच्याला ते आभाळातून पडल्यासारखं वाटतं, कारण त्याच्या लेखी तुमची नीट ओळखच झालेली नसते.

चौदा जण आणि दोघं यांच्यामध्ये एक पायरी हवी. तीन-चार जणांनी मिळून करायचं, सुरुवात आणि शेवट असलेलं एखादं काम, ही ती पायरी. ट्रेकिंग ग्रुपमध्ये असं काम तयारच असतं: पायलट ट्रेक. पुस्तकांच्या गटात ते थोडं शोधावं लागतं, त्याबद्दल पुढे येईल.

पायलट ट्रेकच का? त्यात असं काय वेगळं असतं?

मोठ्या ट्रेकच्या आधीच्या रविवारी तीन-चार जण जाऊन वाट बघून येतात. पावसानंतर वाट कुठे बुजली, पाणी कुठे मिळतं, गाड्या कुठे लावायच्या, गावात जेवणाची सोय कोण करेल, चढायला किती वेळ लागतो, अशा गोष्टी टिपायच्या असतात. माणसं कमी असल्यामुळे प्रत्येकाला बोलावंच लागतं. त्यातही बोलण्याला विषय असतो, त्यामुळे शांततेचं दडपण येत नाही. आणि सगळ्यात उपयोगाचं म्हणजे माणूस निर्णय कसा घेतो ते दिसतं. वाट चुकल्यावर चिडतो का, गावातल्या आजोबांशी नीट बोलतो का, ठरलेल्या वेळेला येतो का, हे कॅफेत बसून चार भेटींत कळणार नाही.

चार ही संख्या इथे चांगली. दोघंच गेलात तर ती पायलट राहत नाही, आडून मारलेली डेट होते आणि समोरच्याला ते कळतं. तिघांत एक जण नेहमी एकटा पडतो. चौघांत दोन दुचाकी होतात, वाटेवर जोड्या आपोआप बदलत राहतात. दुचाकीवर कोण कुणाच्या मागे बसेल हे मात्र तुम्ही ठरवू नका. तिला किंवा त्याला जिथे बरं वाटेल तिथे बसू द्या.

पायलटला येण्यासाठी त्या व्यक्तीला कसं बोलवायचं?

ग्रुपवर सगळ्यांना विचारा. 'येत्या रविवारी वैजनाथ-महिपाळगडची पायलट आहे, चौघं हवेत, कोण येतंय?' एवढंच. ती व्यक्ती स्वतःहून हात वर करते की नाही, ही पहिली खरी माहिती. तिने हात वर केला नाही तर खासगीत 'तू ये की' म्हणून मागे लागू नका. दोन-तीन पायलट होऊन गेल्या आणि ती एकदाही आली नाही, तर तिला ट्रेकपुरताच ग्रुप हवा आहे असं समजायला हरकत नाही.

सुरुवातीला कुठली ठिकाणं घ्यावीत?

येळ्ळूरचा राजहंसगड सगळ्यात सोपा. रस्ता थेट वरपर्यंत जातो, वर सिद्धेश्वराचं देऊळ आहे, माणसांची ये-जा असते आणि सकाळी निघालात तर दुपारच्या जेवणाला घरी. पण चालणं कमी असल्यामुळे पायलटला तिथे फारसं काम नसतं. नवीन लोकांची ओळख करून द्यायला तो बरा.

चंदगड तालुक्यातला देवरवाडीजवळचा वैजनाथ आणि वरचा महिपाळगड हा अर्ध्या दिवसाचा चांगला पल्ला आहे. देऊळ आहे, वर गडावरच वस्ती आहे, त्यामुळे अडचण आली तर विचारायला माणूस मिळतो. कलानिधीगड आणि पारगड लांब पडतात. ते पूर्ण दिवसाचे, आणि ओळख नवीन असताना पूर्ण दिवस जड जातो.

भीमगड या कामासाठी नको. ते अभयारण्य आहे, वनखात्याची परवानगी लागते, अस्वलं आणि गवे आहेत, फोनला रेंज नसते. जिथून नको वाटल्यावर एकट्याने निघून येता येत नाही, अशी कुठलीच जागा नव्या ओळखीसाठी योग्य नाही. याच कारणासाठी जून ते सप्टेंबरमध्ये जांबोटी किंवा आंबोलीकडची लांबची पायलटही टाळा. धुकं, जळवा आणि निसरड्या वाटा यांतच सगळं लक्ष जातं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडचा खरा हंगाम.

समोरच्याला रस आहे की तो फक्त मदतशीर आहे, हे कसं ओळखायचं?

ट्रेकवर होणाऱ्या बऱ्याच गोष्टींचा काहीही अर्थ नसतो, हे आधी मनाशी पक्कं करा. खडकाळ टप्प्यावर हात देणं, पाण्याची बाटली पुढे करणं, मागे राहिलेल्यासाठी थांबणं, डब्यातली चपाती-भाजी वाटून खाणं ही ट्रेकची रीत आहे. स्वीपला असलेला माणूस शेवटच्या प्रत्येकाबरोबर चालतो, कारण तेच त्याचं काम आहे. गाडीत शेजारी बसणं तर निव्वळ जागा कुठे रिकामी होती यावर असतं.

अर्थ असतो तो काम संपल्यानंतरच्या गोष्टींना. पायलटची माहिती ग्रुपवर गेली, हिशेब मिटला, आता बोलायचं कारण उरलं नाही, आणि तरी बोलणं चालू राहतं का? तुम्ही बोललेली एखादी बारीक गोष्ट चार दिवसांनी ती व्यक्ती स्वतःहून काढते का? प्रश्न दोन्हीकडून येतात का, की तुम्ही विचारता आणि ती फक्त उत्तरं देते? शंका असेल तर एक-दोन वेळा संवादाची सुरुवात समोरच्यावर सोडा. आठ-दहा दिवसांत तिकडून काहीच आलं नाही, तर तो नकार नसेलही, पण विचारण्याची वेळ नक्की आलेली नाही.

पुस्तकांच्या गटात पायलट ट्रेकसारखं काय असतं?

गटाच्या बैठकीत दहा-बारा जण एका पुस्तकावर बोलतात. तिथे खासगी ओळख होत नाही, मतांची ओळख होते. त्याचा फायदा असा की माणूस कसा विचार करतो ते लवकर कळतं. मधली पायरी मात्र बांधावी लागते.

आपल्याकडे तिला एक फार चांगली जागा आहे. हिवाळ्यात बेळगावच्या आसपासच्या गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात: कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमनी, सांबरा. ग्रंथदिंडी निघते, दिवसभर कार्यक्रम असतात, पुस्तकांचे स्टॉल लागतात. गटातल्या चौघांनी संमेलनाला जायचं आणि गटासाठी पुढच्या तीन महिन्यांची पुस्तकं निवडून आणायची. दीड-दोन हजारांचं बजेट ठरवून द्या. पुस्तक निवडताना वाद होतात, आणि तो वाद कसा मिटतो हे पाहण्यासारखं असतं. हंगाम नसेल तर हेच काम गणपत गल्लीतल्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन यादी काढण्याचं करता येतं.

एक चूक इथे वारंवार होते. आवडलेल्या व्यक्तीला पुस्तक भेट दिलं जातं, आत दोन ओळी लिहून. भेट दिली की समोरच्यावर ओझं येतं. त्याऐवजी स्वतःचं पुस्तक वाचायला द्या. परत करायचं असल्यामुळे एकदा भेटणं ठरतंच, आणि नको असेल तर ते पुस्तक बैठकीतही परत करता येतं. कुठे परत केलं यावरून तुम्हाला जे समजायचं ते समजतं.

मग विचारायचं कधी आणि कुठे?

ट्रेक चालू असताना कधीच नाही. माथ्यावर सूर्योदय वगैरे पाहून मोह होतो, पण समोरच्याला अजून दोन तास तुमच्याबरोबर उतरायचं असतं आणि त्याच गाडीतून घरी यायचं असतं. नको असलं तरी 'नको' म्हणता येत नाही. मिळालेला होकार मग खरा नसतो, आणि दोन दिवसांनी 'जमणार नाही' असा मेसेज येतो. चारचौघांत विचारणं त्याहून वाईट. टाळ्या वाजवणाऱ्या मित्रांसमोर कोणीही नीट उत्तर देऊ शकत नाही.

मोठा ट्रेक होऊन गेल्यावर दोन-तीन दिवसांनी, फोटो टाकून झाले आणि वर्गणीचा हिशेब मिटला की विचारा. संध्याकाळची, ऑफिस सुटल्यानंतरची वेळ बरी. समोरासमोर विचारायचं असेल तर दोघांनाही आपापल्या वाटेने निघता येईल अशा जागी, म्हणजे निरोप घेताना, प्रवासाच्या आधी नव्हे. बहुतेकांना मेसेज सोपा जातो, आणि उत्तर द्यायला वेळ मिळतो म्हणून समोरच्यालाही.

मेसेज नेमका काय लिहायचा? एखादं उदाहरण द्या.

समजा ती टिळकवाडीत राहते, बँकेत कामाला आहे. तो खानापूरचा, उद्यमबागेत एका कारखान्यात. दोघं सहा महिने एकाच ग्रुपमध्ये. ऑक्टोबरमधल्या वैजनाथ-महिपाळगड पायलटला चौघं गेले. तिने प्रत्येक टप्प्याची वेळ वहीत टिपली, त्याने पाण्याच्या जागा आणि फाटे नकाशावर लावले. एका फाट्यावर चुकून अर्धा तास गेला, तेव्हा गडांच्या नावांवरून दोघांच्या गप्पा रंगल्या आणि त्या अर्धवट राहिल्या. बुधवारी तिने स्वतःहून त्याच विषयावरच्या एका लेखाचा फोटो पाठवला. पुढच्या रविवारी मोठा ट्रेक झाला. मंगळवारी हिशेब मिटल्यावर त्याने लिहिलं:

'गडांच्या नावांचा विषय अजून अर्धाच आहे. शनिवारी साडेचारला टिळकवाडीत किंवा कॅम्पात तासभर कॉफीला भेटूया का? ग्रुपचं काही काम नाही, तुझ्याशी निवांत बोलायला आवडेल म्हणून विचारतोय. नाही जमलं तरी काही वाटून घेऊ नकोस, पुढच्या ट्रेकला नेहमीसारखं भेटूच.'

पहिल्या वाक्यात दोघांचा खरा धागा आहे, त्यामुळे हा मेसेज दुसऱ्या कुणालाही पाठवलेला असू शकत नाही. दुसऱ्यात दिवस, वेळ, जागा आणि किती वेळ हे चारही आहे. 'कधीतरी भेटूया' याला लोक 'हो हो' म्हणतात आणि ते तिथेच विरतं. तिसरं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आणि नेमकं तेच गाळलं जातं. ते नसेल तर ती पुढच्या पायलटचं ठरवायला म्हणून येते, वही घेऊन येते, आणि अर्ध्या तासाने दोघंही अवघडतात. चौथ्या वाक्याने ट्रेकची जागा तिच्यासाठी शाबूत राहते.

विचारणारी ती असेल तरी मेसेज असाच. फार तर जागा स्वतःच्या सोयीची निवडावी. आणि आधीपासून 'तुम्ही' म्हणत असाल तर मेसेजमध्येच एकदम 'तू'वर येऊ नका. ते भेटीत आपसूक होतं.

उत्तर काय आलं की काय समजायचं?

'हो, पण शनिवारी नाही, रविवारी चालेल?' हा होकार आहे. नुसतं 'या शनिवारी जमणार नाही' आणि पुढे दुसरा दिवस सुचवलेला नाही, तर 'बरं, कधी जमलं तर सांग' एवढं लिहून थांबा. पुन्हा विचारायची पाळी आता तिची. 'आपण सगळेच भेटूया की' हा नम्र नकार आहे, त्याला 'हो, तेही छान' म्हणा आणि विषय सोडा. दोन दिवस उत्तरच आलं नाही तर तोही नकार धरा. 'मेसेज बघितलास का' असं विचारू नका, आणि तिच्या मैत्रिणीमार्फत चौकशी तर अजिबात करू नका. स्पष्ट नकारानंतरही स्त्रीशी पुन्हा पुन्हा संपर्क साधत राहणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे.

नकारानंतरच्या पहिल्या ट्रेकला जा. गैरहजर राहिलात तर ग्रुपला कळतं आणि तिला अपराधी वाटतं. नेहमीसारखा नमस्कार, नेहमीसारखं बोलणं, पण त्या दिवशी लीड किंवा स्वीप यातलं तिच्यापासून लांबचं काम घ्या. महिनाभर तिच्याबरोबरची पायलट घेऊ नका. एवढ्याने बहुतेक वेळा ओळख पूर्ववत होते.

नंबर ग्रुपवर आहेच, तर मेसेज करायला काय हरकत?

साध्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात, पण ते ट्रेकसाठी दिलेले असतात. आधी कामानिमित्त दोघांत मेसेज झालेले असतील, जसे पायलटनंतर होतात, तर प्रश्न येत नाही. तसे झाले नसतील तर 'फोटो पाठवायला नंबर वापरला तर चालेल ना?' असं एकदा समोर विचारा. नावनोंदणीच्या फॉर्मवरचा नंबर, आणि त्याहून जास्त म्हणजे अडचणीच्या वेळेसाठी दिलेला घरचा नंबर, यांना हातही लावू नका.

आयोजकांना इथे जास्त जपावं लागतं. कोण येणार, कोण नाही, हे तुमच्या हातात असतं, त्यामुळे नव्याने आलेल्या मुलीला तुम्ही विचारलंत तर तिला नकार देणं अवघड जातं. निदान चार-पाच ट्रेक होऊ द्यावेत, आणि तिच्या नावनोंदणीचं काम दुसऱ्या कुणाकडे सोपवावं.

पहिल्या भेटीसाठी बेळगावात कुठली वेळ, कुठली जागा? ओळखीचे भेटतातच.

भेटणारच. एका टोकाला तिची मावशी राहते, दुसऱ्या टोकाला त्याच्या वडिलांचे मित्र. म्हणून लपायचा प्रयत्न करू नका. कोपऱ्यातल्या अंधाऱ्या टेबलावर बसलेले दोघं जास्त लक्षात राहतात. दर्शनी, उजेडाचं टेबल घ्या, फक्त दोघांच्याही गल्लीपासून लांबचं. टिळकवाडी, कॅम्प किंवा कॉलेज रोडचा भाग चालतो. ती जर टिळकवाडीचीच असेल, तर तिला कॅम्प सोयीचं पडेल का हे तिलाच ठरवू द्या. मेसेजमध्ये दोन जागा दिल्या होत्या त्या यासाठीच. कोणी ओळखीचं आलंच तर 'आमच्या ट्रेकिंग ग्रुपमधले' हे उत्तर खरं आहे आणि पुरेसं आहे.

वेळ साडेचार ते साडेपाच. उजेड असतो, आणि खानापूर, निपाणी, चंदगडकडे जाणाऱ्याला बस आरामात मिळते. तासभर म्हटलंय तर तासाभराने उठा, गप्पा रंगल्या असल्या तरी. पुढची भेट त्यातूनच ठरते.

पहिली भेट सीमेच्या याच बाजूला ठेवा. सीमाप्रश्नावरून वातावरण तापलं की कर्नाटक-महाराष्ट्र बस अचानक बंद होतात, आणि कोल्हापूरकडे गेलेला माणूस अडकतो. 1 नोव्हेंबरला काळा दिवस असतो, त्या दिवशी काहीच ठरवू नका. डिसेंबरमध्ये सुवर्णसौधला अधिवेशन असेल तेव्हा हायवेच्या बाजूला बंदोबस्त आणि गर्दी धरून चाला. बसने येणाऱ्या मुलींसाठी आणखी एक हिशेब: शक्ती योजनेतला मोफत प्रवास कर्नाटकाच्या साध्या बसपुरता आणि राज्याच्या आतच आहे. महाराष्ट्राच्या एसटीत त्या राज्याच्या हद्दीपुरतं अर्धं तिकीट लागतं.

बिल कोणी द्यायचं?

विचारणाऱ्याने पुढे व्हावं. समोरच्याने टीटीएमएम म्हटलं तर लगेच मान्य करावं, ओढाताण नको. ट्रेकच्या वर्गणीची सवय असल्यामुळे बऱ्याच जणांना तेच बरं वाटतं.

समोरची व्यक्ती कन्नड बोलणारी असेल तर?

आपल्या ट्रेकिंग ग्रुपांत मराठी, कन्नड, कोंकणी मिसळलेलंच असतं, त्यामुळे ट्रेकवर हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. पहिल्या भेटीत सीमाप्रश्न स्वतःहून काढू नका, निघाला तर आपलं मत शांतपणे सांगा आणि समोरच्याचं पूर्ण ऐका. ज्या भाषेत दोघांनाही थांबून-थांबून बोलावं लागत नाही ती वापरा.

भेट छान झाली. आता ग्रुपला सांगायचं का?

लगेच नको. एक-दोन भेटींवर ग्रुपमध्ये चिडवाचिडवी सुरू झाली की दोघांपैकी एक जण मागे सरतो, आणि बहुतेक वेळा तो ट्रेकही सोडतो. सांगायचं तेव्हा दोघांनी ठरवून सांगावं, आणि तोवर ट्रेकवर सतत जोडीने चालू नये. बाकीच्यांना ग्रुपमध्ये आपण उपरे आहोत असं वाटायला लागतं.

फोटोंचं मात्र पहिल्या भेटीतच बोलून घ्या. दोघांचा एकत्र फोटो स्टेटसला ठेवायचा नाही, ग्रुपच्या फोटोतूनही दोघांचाच तुकडा कापून ठेवायचा नाही, हे स्पष्ट ठरवा. घरी कळायचं असेल तर ते तिने किंवा त्याने आपल्या तोंडाने सांगितलेलं असावं. भावकीतल्या कुणीतरी सकाळी सातला स्टेटस पाहून आईला फोन केला, की मग तुमच्या आवडीनिवडीचा विषय मागे पडतो आणि आडनाव, गाव, पाव्हणे यांचा पुढे येतो. त्या बोलण्याला कधीतरी सामोरं जावं लागेलच, पण तीन-चार भेटी होऊन तुमचं आपसातलं काही ठरल्यानंतर.